दहावा आठवडा, उलट्या थांबत नाहीत आणि टीएसएच जवळजवळ शून्य: गोळी सुरू करायची का?

सावनी_के
नमस्कार. वहिनीसाठी विचारतेय. ती सांगलीला असते, मी पुण्यात. पहिलंच बाळंतपण, दहावा आठवडा चालू आहे. सहाव्या आठवड्यापासून उलट्या सुरू झाल्या त्या वाढतच गेल्या. आता घोटभर पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. वजन ५४ किलो होतं, ५० वर आलंय. मागच्या आठवड्यात ॲडमिट करावं लागलं. लघवीत कीटोन तीन प्लस, पोटॅशियम ३.१, नाडी ११२.

नाडी जास्त म्हणून तिथेच थायरॉइडची तपासणी केली. टीएसएच ०.०१ पेक्षा कमी, फ्री टी४ २.४ (त्या लॅबची मर्यादा ०.८ ते १.८) आणि फ्री टी३ मर्यादेच्या किंचित वर. सोनोग्राफीत एकच बाळ आहे, ठोके छान आहेत.

फिजिशियननी रिपोर्ट बघून थायरॉइड कमी करणारी कार्बिमाझोल १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लिहून दिली. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम म्हणतात, थांबा, ही गोळी आत्ता नको, हे आपोआप उतरेल. दादा पार गोंधळलाय. आई म्हणते की डॉक्टरांनी दिलंय तर घ्यावं. गोळी अजून आणलेली नाही. लग्नाआधी किंवा नंतर वहिनीला थायरॉइडचा काहीही त्रास नव्हता. कुणाला असा अनुभव आहे का?

सुमतीआजी
अगं, काळजी करू नकोस. माझ्या दोन्ही सुनांना थायरॉइड होता आणि दोघींचं सगळं सुखरूप झालं. सकाळी उठल्याउठल्या उपाशीपोटी गोळी घ्यायची आणि अर्धा तास चहा प्यायचा नाही, एवढं पथ्य सांभाळायचं. गोळी मात्र चुकवू नका, बाळाच्या बुद्धीचा प्रश्न असतो.

कोयनाकाठ
आजी, तुमच्या सुनांचा थायरॉइड कमी होता, म्हणून त्यांना थायरॉक्सिन बाहेरून द्यावं लागलं. सावनीच्या वहिनीच्या अंगात ते जास्त झालंय. तुम्ही सांगताय ती गोळी हिने घेतली तर भरच पडेल. सावनी, हे घरी नक्की स्पष्ट करा, कारण ‘थायरॉइड आहे’ एवढंच ऐकलं की शेजारपाजारचे हाच सल्ला देतात.

सुमतीआजी
असं होय. मी वरचं नीट वाचलं नव्हतं बाळा. मग जाणकारांचंच ऐका.

अभिजित_के
माझी बायको यातून गेली आहे, म्हणून थोडं वाचलंय. थायरॉइड वाढला की पोट बिघडतं, मळमळतं, उलट्या होतात. म्हणजे उलट्यांचं मूळ थायरॉइडमध्ये आहे. तो आटोक्यात आणला की उलट्या थांबतील. मग गोळी का टाळायची हे मला कळत नाही. नुसतं सलाइन लावत बसणं म्हणजे वरवरचा इलाज.

स्टेथो
मी कोल्हापूरला अंतःस्रावी ग्रंथींचे आजार बघतो. वहिनींना तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल शेवटचा शब्द माझा नाही. पण असे रिपोर्ट वारंवार येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अभिजित, तुम्ही क्रम उलटा लावलाय. गर्भ रुजला की वारेच्या पेशी एचसीजी नावाचं संप्रेरक बनवायला लागतात. प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर दिसतं तेच. त्याची रचना आणि टीएसएचची रचना यांत अर्धा भाग हुबेहूब सारखा आहे. त्यामुळे एचसीजी भरपूर झालं की ते थायरॉइडवर टीएसएच जिथे चिकटतो त्याच जागी, म्हणजे टीएसएच रिसेप्टरवर, जाऊन चिकटतं आणि ग्रंथीला कामाला लावतं. जोर कमी असतो, पण प्रमाण अफाट असतं. थायरॉइड वाढला की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच बनवणं कमी करते, म्हणून तो खाली जातो. साधारण नवव्या ते अकराव्या आठवड्यात एचसीजी शिखरावर असतं आणि नेमका तेव्हाच टीएसएच सगळ्यात खाली असतो. निरोगी गर्भारणीतही तो थोडा उतरतोच. एचसीजी दोन लाखांच्या वर गेलं की टीएसएच दबलेला सापडणं अगदी नेहमीचं आहे.

ज्यांना उलट्यांचा त्रास फार होतो त्यांच्यात हे जास्त दिसतं. पण थायरॉइड वाढला म्हणून उलट्या झाल्या, असं नाही. दोन्ही गोष्टींची सुरुवात वारेतून होते आणि त्या एकाच वेळी दिसतात. म्हणूनच थायरॉइडच्या गोळीने उलट्या थांबत नाहीत. ते करून बघितलं गेलं आहे आणि त्यातून फायदा दिसलेला नाही.

इंद्रधनु
स्टेथो सरांच्या मुद्द्याला जोडून. उलट्यांचं कारण आता बरंचसं वेगळ्याच ठिकाणी सापडलंय. जीडीएफ१५ नावाचं प्रथिन गर्भ आणि वार मिळून आईच्या रक्तात सोडतात आणि मेंदूतल्या उलटीच्या केंद्रावर त्याचा परिणाम होतो. गरोदरपणाआधी जिच्या अंगात ते मुळातच कमी असतं, तिला अचानक वाढलेलं सोसत नाही. 2023 च्या शेवटी हे संशोधन ‘नेचर’मध्ये आलं. म्हणजे उलट्यांसाठी एक रेणू आणि थायरॉइडसाठी दुसरा.

अभिजित_के
समजलं. पण मग ज्यांना खरोखर थायरॉइडचा आजार असतो त्यांचं काय? माझ्या बायकोला गोळ्या द्याव्याच लागल्या होत्या. रिपोर्ट जवळपास असाच होता: टीएसएच शून्य, टी४ वर. कागदावर दोन्ही सारखेच दिसत असतील तर फरक कसा करणार?

मधुमालती
अभिजित, तुमच्या बायकोसारखीच मी. मला ग्रेव्हज आहे, म्हणजे स्वतःचीच प्रतिकारशक्ती थायरॉइडला डिवचत राहते. माझं सांगते, कदाचित फरक कळेल.

दिवस राहण्याच्या जवळपास वर्षभर आधीपासून मला त्रास होता. भूक राक्षसासारखी आणि तरी वजन उतरतंय. जिना चढताना मांड्यांत जोर नाही. हात थरथरायचे, पोळी लाटताना सासूबाईंच्या लक्षात आलं. पंखा फुल असूनही घामाच्या धारा. आरशात बघितलं की डोळे वटारल्यासारखे दिसायचे आणि गळ्याशी फुगवटा. मावशीलाही थायरॉइड. यातलं काहीही गर्भारपणामुळे झालेलं नव्हतं, कारण तेव्हा दिवस राहिलेच नव्हते.

आणि उलट्या? मला दोन-तीन वेळा सकाळी मळमळलं, बस. सगळे म्हणायचे, नशीबवान आहेस, डोहाळे कडक नाहीत!

स्टेथो
मधुमालतीताईंनी सांगितलं ते कुठल्याही तपासणीइतकं मोलाचं आहे. मी ओपीडीत पहिला प्रश्न हाच विचारतो: त्रास पाळी चुकायच्या आधीचा की नंतरचा? वारेमुळे वाढलेल्या थायरॉइडला मागचा इतिहास नसतो. दिवस राहिले, उलट्या सुरू झाल्या, त्यानंतर टीएसएच खाली. गळा सपाट, डोळे नेहमीसारखे. नाडी वाढलेली असते, पण त्यात पाणी कमी पडल्याचा वाटा मोठा असतो. दोन बाटल्या सलाइन गेल्यावर नाडी ११२ वरून ९० वर आली, तर ती थायरॉइडची कमी आणि तहानेची जास्त होती असं मी समजतो. सावनी, सलाइननंतर नाडी किती होती ते विचारा.

दुसरं, टी३ बघा. ग्रेव्हजमध्ये ग्रंथी टी३ जास्त बनवते, त्यामुळे टी४ च्या मानाने टी३ खूपच वर जातो. वहिनींचा टी४ बऱ्यापैकी वर आणि टी३ जेमतेम वर आहे. उपाशी माणसाच्या अंगात टी३ तसाही कमी बनतो, म्हणून यावर एकट्यावर निकाल देता येत नाही. पण झुकाव वारेच्या बाजूला आहे.

तिसरी आणि सगळ्यात कामाची गोष्ट: टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडी. आमच्याकडे बोलताना ट्रॅब म्हणतात. ग्रेव्हजमध्ये थायरॉइडला हलवणारी हीच. ती वारेच्या प्रकारात नसते. ही एक तपासणी करून घ्या. थायरॉइडचा किरणोत्सर्गी स्कॅन मात्र गरोदरपणात करायचाच नाही, कुणी सुचवलाच तर स्पष्ट नाही म्हणा.

रक्तनमुना
मी लॅबमध्ये आहे, तिथून दोन गोष्टी.

ट्रॅब सगळीकडे होत नाही. छोट्या गावातून नमुना मुंबई-पुण्याला जातो, त्यामुळे निकालाला काही दिवस धरून चाला. अनेक लॅबमध्ये १.७५ च्या खाली निगेटिव्ह धरतात, पण मशीननुसार आकडा बदलतो, म्हणून रिपोर्टवर छापलेलीच मर्यादा बघा. ‘थायरॉइड अँटिबॉडी’ एवढंच लिहिलं तर बहुतेक ठिकाणी अँटी टीपीओ होते. ती वेगळी. चिठ्ठीवर ‘टीएसएच रिसेप्टर’ हे शब्द असल्याची खात्री करा.

दुसरं, वहिनी केसांसाठी किंवा नखांसाठी काही गोळ्या घेत होत्या का? त्यात बायोटिन भरपूर असतं. काही मशीनची रसायनं बायोटिनवर चालतात आणि रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा खाली, टी४ खोटा वर आणि ट्रॅबसुद्धा खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. हुबेहूब ग्रेव्हजचा रिपोर्ट, आणि बाई ठणठणीत! घेत असतील तर दोन-तीन दिवस बंद ठेवून मग रक्त द्या.

भटकभवानी
बाप रे, केसांच्या गोळीने हे होतं? मी रोज घेते. माझा पुढच्या महिन्यात फुल बॉडी चेकअप आहे 😳

रक्तनमुना
भटकभवानी, रक्त देताना लॅबला सांगा आणि आधी दोन-तीन दिवस बंद ठेवा. केस तेवढ्यात गळणार नाहीत 🙂

मंदाकिनी_ओ
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, ग्रामीण रुग्णालयात. गोळीचा मुद्दा मला ठामपणे मांडायचा आहे. कार्बिमाझोल सहाव्या ते दहाव्या आठवड्यात सगळ्यात धोक्याची, कारण तेव्हा बाळाचे अवयव घडत असतात. टाळूवरच्या कातडीचा तुकडाच न बनणं, नाकाचा मागचा मार्ग बंद असणं, बेंबीतून आतडी बाहेर असणं, असे दोष या गोळीशी जोडलेले आहेत. ते सगळ्या बाळांत होत नाहीत. पण जिथे गोळीचा उपयोगच नाही तिथे हा धोका कशासाठी घ्यायचा? ग्रेव्हज असेल आणि गोळीशिवाय चालणारच नसेल, तर पहिल्या तीन महिन्यांत प्रोपिलथायोयुरासिल देतात. तीही निर्धोक नाही, आईच्या यकृताला त्रास देऊ शकते.

सावनी, त्या फिजिशियनना दोष देऊ नका. गर्भार नसलेल्या बाईचा असा रिपोर्ट आला असता तर तेच बरोबर ठरलं असतं. दोघा डॉक्टरांना फोनवर एकमेकांशी बोलायला लावा, हा माझा सल्ला.

आणि आजचं खरं संकट थायरॉइडचं नसून उलट्यांचं आहे. चार किलो म्हणजे तिच्या वजनाच्या सात टक्क्यांहून जास्त. सलाइनमधून पोटॅशियम भरून काढलं का? आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिनचं, म्हणजे बी१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं का? दोन-तीन आठवडे अन्न नसलं की शरीरातलं थायमिन संपतं. त्यात नुसतं ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलंही खर्च होतं आणि मेंदूवर परिणाम होतो. नजर दुहेरी होणं, चालताना झोक जाणं, असंबद्ध बोलणं यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, तडक दवाखाना.

टेम्सकाठी
मी इंग्लंडमध्ये प्रसूती विभागात नर्स आहे. मंदाकिनीताईंचं थायमिनबद्दलचं अगदी पटलं. आमच्याकडे या उलट्यांसाठी दाखल झालेल्या जवळपास प्रत्येकीला ते देतात.

एक वेगळा प्रश्न. मुळात प्रत्येक उलटीवालीचा टीएसएच काढायला हवा का? अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे की थायरॉइडची स्पष्ट लक्षणं नसतील तर काढूच नका. आमच्याकडे उलट्या उपचारांनी हटत नसतील किंवा थायरॉइडचा पूर्वेतिहास असेल तर काढतात. तपासणी झाली नसती तर सावनीच्या घरी हा घोळच झाला नसता.

मंदाकिनी_ओ
हे मला पूर्ण पटत नाही. आपल्याकडे पहिल्या भेटीत टीएसएच काढायची पद्धत रुजली आहे, मुख्यतः कमी थायरॉइड शोधण्यासाठी, आणि त्यात फायदा आहे. शिवाय नाडी ११२ असलेल्या पेशंटकडे मी दुर्लक्ष कसं करू? ग्रेव्हज सुटला तर आई आणि बाळ दोघांना महागात पडतं. माझ्या मते तपासणी करावी, पण निकाल हातात आल्यावर लगेच गोळी लिहू नये.

स्टेथो
मी दोघींच्या मध्ये आहे. नाडी, गळा, डोळे बघून ठरवावं. मात्र एकदा काढलाच, तर टीएसएच एकटा काढू नये, टी४ सोबत हवा.

सावनी_के
सगळ्यांचे खूप आभार. दादाशी आणि वहिनीशी बोलले. सलाइननंतर नाडी ९४ झाली होती. केसांच्या कुठल्याही गोळ्या नाहीत. गळ्याला सूज नाही, डोळे नेहमीसारखे, हात थरथरत नाहीत. पोटॅशियम सलाइनमधून दिलं होतं. थायमिनचं विचारलं तर पहिल्या दिवशी दिलं नव्हतं. आता सुरू केलंय. नजर, चालणं, बोलणं सगळं ठीक आहे. मॅडम आणि फिजिशियन एकमेकांशी बोलले. गोळी थांबवली आहे आणि ट्रॅबचा नमुना पुण्याला पाठवलाय. उलट्यांसाठी डॉक्सिलामाइन आणि बी६ ची गोळी आधीपासून होती, त्याला ओंडान्सेट्रॉन जोडलंय.

वहिनी विचारतेय, खायचं काय?

कोयनाकाठ
माझ्या वेळी फक्त कोरडे चुरमुरे आणि थंडगार कोकम सरबताचे घोट टिकायचे. गरम अन्नाचा वास आला की संपलं. स्वयंपाकघराकडे फिरकू देऊ नका तिला.

सुमतीआजी
आमच्याकडे साळीच्या लाह्या देत. आणि तिच्यासमोर फोडणी घालू नका ग कोणी.

अनुजा७
माझ्या जुळ्यांच्या वेळी टीएसएच असाच शून्याजवळ होता आणि उलट्यांनी जीव नकोसा झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन बाळं म्हणजे एचसीजीही जास्त. चौथा महिना संपता संपता टी४ नॉर्मल झाला, काहीच औषध न घेता. म्हणून सांगते, चौथ्या महिन्यात उतरला तर समजा वारेचाच होता.

स्टेथो
अनुजाताई, तुमच्या बाबतीत ते खरं. पण तो नियम म्हणून वापरू नका. ग्रेव्हजही गरोदरपणाच्या दुसऱ्या अर्ध्यात सौम्य होतो, कारण शरीराची प्रतिकारशक्ती तेव्हा मवाळ झालेली असते. बाळंतपणानंतर तो पुन्हा उसळतो. म्हणजे पाचव्या महिन्यात टी४ उतरला एवढ्यावरून ग्रेव्हज नव्हता असं म्हणता येत नाही. म्हणून तर आत्ता ट्रॅब करून घ्यायची.

तुमचा जुळ्यांचा मुद्दा मात्र अगदी योग्य. एचसीजी फार वर असलं की सोनोग्राफीत दोन गोष्टी बघायच्या: जुळं आहे का आणि द्राक्षगर्भ, म्हणजे बाळाऐवजी वारेचीच द्राक्षांच्या घडासारखी वाढ, आहे का. सावनीच्या वहिनींच्या बाबतीत दोन्ही नाहीत, हे पहिल्याच पोस्टमध्ये आलंय.

आणि क्वचित दिसणारी एक गंमतीची गोष्ट. 1998 साली एका मायलेकींची नोंद झाली. दोघींच्या थायरॉइडवरचा टीएसएच रिसेप्टर जन्मतःच असा बदललेला होता की नेहमीच्या एचसीजीनेही तो पेटायचा. दोघींना गरोदरपणात कडक उलट्या आणि थायरॉइड वर. प्रत्येक गरोदरपणात हेच होत असेल आणि आईलाही झालं असेल, तर हे आठवावं.

मधुमालती
ग्रेव्हजवाल्यांसाठी एक भर घालते. माझी ट्रॅब पॉझिटिव्ह होती म्हणून विसाव्या आठवड्याच्या आसपास आणि नंतर पुन्हा तपासली. कारण ती अँटिबॉडी वार ओलांडून बाळाच्या थायरॉइडलाही डिवचते. सोनोग्राफीत बाळाचे ठोके, वाढ आणि गळा बघायचे. जन्मल्यावर मुलीचं रक्तही तपासलं. ती आज शाळेत जाते आणि थायरॉइड नीट आहे. वारेच्या प्रकारात बाळाला हा धोका नाही, कारण तिथे अँटिबॉडीच नाही.

अभिजित_के
आता माझ्या बायकोच्या फायलीचा अर्थ लागला. तिच्या गळ्याला सूज होती आणि ट्रॅब पॉझिटिव्ह होती. मला तेव्हा वाटायचं की ही तपासणी उगाच महागाची.

सावनी_के
ट्रॅब आली. ०.८ च्या खाली, निगेटिव्ह. बाराव्या आठवड्यात टी४ १.९ वर आलाय. उलट्या दिवसात तीन-चारवर आल्यात, वजन ५० वर थांबलंय. टीएसएच अजून तसाच ०.०१ च्या खाली. रिपोर्टवर लाल रंगात छापून आलंय, आई ते बघून घाबरते.

स्टेथो
टी४ आधी उतरतो, टीएसएच नंतर उठतो. पिट्युटरी बरेच आठवडे दबलेली राहते, त्यामुळे त्या लाल आकड्याकडे आत्ता बघायचंच नाही. दोन ते चार आठवड्यांनी टी४ पुन्हा काढा. चौदा ते अठरा आठवड्यांत तो मर्यादेत यायला हवा. अठरा आठवड्यांनंतरही वरच राहिला, गळा फुगला किंवा उलट्या थांबूनही नाडी शंभरच्या वर राहिली, तर पुन्हा विचार करावा लागेल, कारण थोड्या ग्रेव्हजवाल्यांत ट्रॅब पहिल्यांदा निगेटिव्ह येते. त्या वेळी थायरॉइडची सोनोग्राफी करून ग्रंथीतला रक्तप्रवाह बघता येईल.

टेम्सकाठी
सावनी, नंतरचा टी४ त्याच लॅबमध्ये करा. गरोदरपणात फ्री टी४ चे आकडे मशीन बदललं की बदलतात, तुलना करता येत नाही.

सावनी_के
एक शेवटचं. वहिनी विचारते, पुढच्या वेळी पुन्हा असंच होईल का?

मंदाकिनी_ओ
उलट्या पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, थायरॉइडचं तेव्हाच्या एचसीजीवर अवलंबून. पुढच्या वेळी दिवस राहिल्याचं कळताच, उलट्या वाढायच्या आतच डॉक्सिलामाइन आणि बी६ सुरू करायचं का, हे मॅडमना आधी विचारून ठेवा. आणि हे सगळे रिपोर्ट, विशेषतः ट्रॅबचा, फाइलमध्ये वर लावून ठेवा म्हणजे पुढचा डॉक्टर बघताक्षणी कार्बिमाझोल लिहिणार नाही.